ओटीपी आला, पण मागचा: सेशन संपेपर्यंत कोड न मिळालेल्या एका अर्जाचा प्रकरण अभ्यास

## पार्श्वभूमी

एका अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी ऑनलाइन अर्ज भरायचा होता. मुदत दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपत होती. अर्जदार बाई नोकरी करणाऱ्या, रोज लॅपटॉपवर काम करणाऱ्या. त्यामुळे अडचण कॉम्प्युटर न येण्याची नव्हती.

अर्ज सहा पानांचा होता. शेवटच्या पानावर ‘ओटीपी पाठवा’ हे बटण होतं आणि नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला सहा आकडी कोड टाकल्याशिवाय अर्ज दाखल होत नव्हता. नियम पानावरच, जरा बारीक अक्षरांत दिले होते. लॉगिन केल्यापासून सेशन २० मिनिटांचं. ओटीपी ५ मिनिटं चालणार. ‘पुन्हा पाठवा’ ६० सेकंदांनी उपलब्ध. तीन वेळा चुकीचा कोड टाकला की खातं ३० मिनिटं बंद.

बाईंच्या फोनमध्ये दोन सिम होती. पहिलं रोजच्या कॉलचं आणि इंटरनेटचं. दुसरा नंबर जुना, बँका आणि अर्ज यांच्यापुरता जिवंत ठेवलेला. खात्यात हा दुसरा नंबर नोंदवलेला होता. लॅपटॉप घरच्या वायफायवर होता.

पहिल्या दोन प्रयत्नांत अर्ज गेला नाही आणि दोन्ही वेळा ‘ओटीपी येत नाही’ असंच वाटलं. प्रत्यक्षात दोन्ही वेळांची कारणं अगदी वेगळी होती. पहिल्या कारणावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडला नसता, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडलं आहे.

## अडचण: पहिला प्रयत्न

लॉगिन संध्याकाळी ७:५८ ला झालं. पाचव्या पानावर फोटो चढेना, म्हणून ८:१० ला बाईंनी मदत केंद्राला पहिल्या सिमवरून फोन लावला. पलीकडे नुसतं संगीत वाजत होतं. फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी फोटो लहान केला, तो चढला, आणि ८:१२ ला त्या शेवटच्या पानावर पोचल्या. कॉल चालूच होता.

‘ओटीपी पाठवा’ दाबलं. काही आलं नाही. ८:१३ ला पुन्हा दाबलं. तेवढ्यात मदत केंद्रातल्या माणसाने फोन उचलला आणि सगळं ऐकून सांगितलं, “मॅडम, पुन्हा पाठवा दाबा, येईल.” ८:१५ ला तिसऱ्यांदा दाबलं. तरी काही नाही. ८:१८ ला पानावर सूचना आली की सेशन संपलं आहे, पुन्हा लॉगिन करा. ८:१९ ला कॉल ठेवला. आधीची पानं जतन केलेली नव्हती. प्रत्येक पानाखाली ‘जतन करा’ हे वेगळं बटण होतं, पण ‘पुढे’ दाबलं की आपोआप जतन होत असेल असं बाई धरून चालल्या होत्या.

८:३१ ला तिन्ही ओटीपी एकामागून एक येऊन पडले.

## अडचण: दुसरा प्रयत्न

८:३६ ला पुन्हा लॉगिन. या वेळी माहिती हाताशी होती, त्यामुळे ८:४७ ला शेवटचं पान आलं. कोणताही कॉल चालू नव्हता. पुढचे प्रसंग मिनिटांऐवजी सेकंदांत पाहावे लागतात, कारण सगळी गोम तिथेच आहे.

८:४७:०० ला पहिला कोड मागवला. साठ सेकंद होताच बटण उजळलं, तसा ८:४८:०० ला दुसरा मागवला. ८:४८:४० ला एक कोड आला. तो टाकला, तर ‘अवैध ओटीपी’. आकडा चुकला असेल म्हणून तोच पुन्हा, सावकाश टाकला. पुन्हा अवैध. ८:४९:१० ला तिसरा मागवला. अर्ध्या मिनिटात आणखी एक कोड आला. तो टाकला, अवैध, आणि खातं बंद. ८:५० नंतर आलेला शेवटचा कोड बरोबर होता, पण तो टाकायला जागाच उरली नव्हती.

इथे झालं असं की प्रत्येक कोड यायला सुमारे शंभर सेकंद लागत होते, आणि ‘पुन्हा पाठवा’ साठ सेकंदांनी मिळत होतं. या संकेतस्थळावर नवा कोड मागवला की जुना रद्द होई. म्हणून बाईंच्या हातात येणारा प्रत्येक कोड त्या क्षणी आधीच रद्द झालेला असायचा. बटण मिळताच दाबत राहिलं असतं तर हे कितीही वेळ असंच चाललं असतं. पाटीवर मात्र ‘अवैध’ एवढंच येत होतं. ‘हा कोड जुना आहे, नंतर मागवलेला टाका’ असं म्हटलं असतं तर बाई तिथेच थांबल्या असत्या.

काही ठिकाणी उलटही असतं: मुदतीत असेपर्यंत ‘पुन्हा पाठवा’वर तोच कोड परत पाठवतात. बाहेरून ते कळत नाही. त्यामुळे दोन मागण्या झाल्यावर कोणताही कोड आला तर तो नेमका कोणत्या मागणीचा, हे पाहिल्याशिवाय टाकू नये. इथे त्याची सोयही होती. कोडाच्या चौकटीवर चार अक्षरी संदर्भ क्रमांक दिसत होता आणि तोच क्रमांक संदेशातही येत होता. दोन्ही जुळवून पाहिले असते तर तीनही संधी वाचल्या असत्या. घाईत तो क्रमांक कुणी वाचत नाही.

## तपास: उशीर नेमका कुठे झाला

खातं ९:२० पर्यंत बंद. हा अर्धा तास बाईंच्या भाच्याने कामी लावला. तो घरीच होता, लगेच पुन्हा प्रयत्न करता येणार नव्हता, आणि त्यामुळेच कदाचित शांतपणे बघणं शक्य झालं.

त्याने आधी आलेले संदेश उघडले. गूगलच्या मेसेजेस अ‍ॅपमध्ये संदेशावर बोट दाबून धरलं की मेनूत `View details` मिळतं (फोनची भाषा मराठी असेल तर तेच मराठीत). त्यात `Sent` आणि `Received` अशा दोन वेळा असतात. `Received` म्हणजे फोनवर पोचल्याची वेळ. `Sent` म्हणजे संदेश मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्रात दाखल झाल्याची वेळ. आपण बटण कधी दाबलं ते माहीत असेल तर या दोन वेळा मिळून उशीर कोणत्या टप्प्यात झाला ते सांगतात. बटण दाबल्यानंतर बऱ्याच वेळाने `Sent` असेल तर संदेश पाठवणाऱ्याकडेच अडकला होता. `Sent` वेळेवर, पण `Received` उशिरा असेल तर संदेश केंद्र आणि फोन यांच्यामध्ये अडकला होता.

पहिल्या प्रयत्नातला पहिला संदेश: `Sent` ८:१२, `Received` ८:३१. म्हणजे संस्थेने आणि तिच्या एसएमएस पुरवठादाराने काम वेळेत केलं होतं. संदेश एकोणीस मिनिटं मोबाइल नेटवर्कमध्ये पडून होता, कारण फोन सापडत नव्हता.

दुसऱ्या प्रयत्नातला पहिला संदेश: बटण ८:४७ ला दाबलेलं, `Sent` ८:४८, `Received` ८:४८. इथे फोन व्यवस्थित हजर होता. उशीर पाठवणाऱ्याच्या रांगेत झाला. मुदतीच्या आदल्या रात्री अशी रांग लागणं काही नवल नाही.

आता पहिल्या वेळी फोन का सापडत नव्हता? रेंज दोन्ही सिमची पूर्ण होती. भाच्याला संशय आला तो कॉलचा. दोन सिमचा फोन म्हणजे एका डब्यातले दोन फोन नव्हेत. बहुतेक हँडसेटमध्ये दोन्ही सिम स्टँडबायवर असतात, पण एकीवर कॉल सुरू झाला की दुसरीकडे लक्ष द्यायला फोन मोकळा राहत नाही. त्या वेळात दुसऱ्या नंबरवर फोन केला तर ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू येतं, आणि एसएमएसही पोचत नाही. पडद्यावर मात्र दोन्ही सिमच्या काड्या दिसत राहू शकतात.

त्याने तिथल्या तिथे करून पाहिलं. “मावशी, तुझ्या पहिल्या नंबरवरून मला फोन लाव आणि चालू ठेव,” असं म्हणून त्याने आईच्या फोनवरून बाईंच्या दुसऱ्या नंबरवर साधा एसएमएस पाठवला. व्हॉट्सअ‍ॅप नव्हे, ते इंटरनेटवरून येतं, त्याचा या परीक्षेला काही उपयोग नाही. संदेश आला नाही. कॉल ठेवला. दोन मिनिटं वाट पाहिली, तरीही नाही.

“अरे, कॉल तर बंद केला ना आपण? मग अजून का नाही?”

“थांब, आता दुसऱ्या सिमवरून आईला नुसती एक रिंग दे.”

रिंग जाताच काही सेकंदांत एसएमएस येऊन पडला.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातच उपाय आहे. एसएमएस थेट फोनवर जात नाही. तो संदेश केंद्रात साठवला जातो आणि तिथून फोनकडे ढकलला जातो. फोन सापडला नाही तर केंद्र तो ठेवून घेतं आणि नंतर पुन्हा प्रयत्न करतं. हे प्रयत्न दर सेकंदाला होत नाहीत. काही मिनिटांच्या अंतराने होतात आणि अंतर वाढत जातं. दरम्यान नेटवर्कच्या नोंदीत ‘या ग्राहकाचा संदेश थांबलेला आहे’ अशी खूण लागते. फोनने नेटवर्कशी काहीही संपर्क केला की ती खूण पाहून केंद्राला कळवलं जातं: ग्राहक सापडला, पाठवा. पण कॉल संपल्यावर दुसरं सिम नुसतं पुन्हा ऐकायला बसतं. आपण परत आल्याचं ते नेटवर्कला स्वतःहून सांगत नाही. म्हणून कॉल ठेवल्यावरही संदेश पडून राहतो. सिमवरून रिंग दिली, एखादा एसएमएस पाठवला किंवा एरोप्लेन मोड चालू करून दहा-पंधरा सेकंदांनी बंद केला, की ते सांगणं घडतं आणि थांबलेले संदेश सहसा लगेच येतात. ८:३१ ला संदेश का आले त्याचा उलगडाही इथेच होतो: एक तर केंद्राच्या पुढच्या प्रयत्नाची वेळ आली असेल, नाही तर फोनने ठरावीक काळाने द्यायची आपली हजेरी दिली असेल.

## विचारात घेतलेले पर्याय

सकाळी पुन्हा बघू. बाईंचा कल याकडे होता. पण दुसऱ्या प्रयत्नातला उशीर पाठवणाऱ्याच्या रांगेचा होता आणि शेवटच्या दिवशी रांग वाढण्याचीच शक्यता जास्त. मुदत दहा दिवसांवर असती तर हाच पर्याय सर्वांत चांगला ठरला असता. इथे तो मागे ठेवला.

खात्यातला नंबर बदलून पहिला नंबर टाकणं. सोपा वाटतो, पण नंबर बदलायला जुन्या नंबरवरचा ओटीपी लागत होता. म्हणजे तीच अडचण, शिवाय खातं अर्धवट बदललेल्या अवस्थेत अडकण्याचा धोका. अर्जाची मुदत तोंडावर असताना नोंदणीची माहिती हलवू नये. बाद.

ईमेलवर किंवा कॉलवर कोड घेणं. पुष्कळ ठिकाणी ‘पुन्हा पाठवा’च्या खाली ‘दुसऱ्या मार्गाने मिळवा’ अशी लहानशी ओळ असते आणि ती दोनदा प्रयत्न झाल्यावरच उमटते. इथे ती नव्हती. असती तर ईमेल पहिला घ्यावा. कॉलवरचा कोड चांगला, पण तोही त्याच सिमवर येणार, तेव्हा ते सिम मोकळं हवंच.

सिम दुसऱ्या फोनमध्ये घालणं. एकट्या सिमचा जुना फोन घरात होता. पहिल्या प्रयत्नासारख्या अडचणीवर हा खात्रीचा उपाय आहे. पण पहिलं सिम तात्पुरतं बंद करून तेच साधत होतं, आणि रात्री नऊ वाजता सिमचा ट्रे उघडून नखाएवढा तुकडा हाताळण्यापेक्षा ते बरं. हा पर्याय राखीव ठेवला.

मदत केंद्राला पुन्हा फोन. खातं उघडून मिळालं असतं तर वीस मिनिटं वाचली असती. पण अर्धा तास थांबायची तयारी होती, म्हणून केला नाही. करायचाच असता तर नंबर अर्जाच्या पानावरून घ्यावा, शोधून सापडलेल्या कुठल्याही पानावरून नव्हे. आणि पलीकडचा माणूस ओटीपी वाचून दाखवायला किंवा स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगत असेल तर फोन ठेवावा. खातं उघडायला त्याला यातलं काही लागत नाही.

## प्रत्यक्ष कृती

वेळेचा हिशेब आधी मांडला. या अर्जावरचं सेशनचं घड्याळ लॉगिनपासून सरळ चालत होतं. पानावर काहीही केलं तरी ते मागे जात नव्हतं. कोपऱ्यात उलटी मोजणी दिसत होती, त्यावरून हे कळलं. अनेक संकेतस्थळांवर मात्र घड्याळ निष्क्रियतेचं असतं: तुम्ही काही काळ सर्व्हरकडे काही पाठवलं नाही तरच सेशन संपतं. तिथेही एक फसगत होते. चौकटीत टाइप करत बसणं ही सर्व्हरच्या दृष्टीने हालचाल नव्हे. ‘पुढे’ किंवा ‘जतन करा’ दाबल्यावरच त्याला कळतं. म्हणून तशा अर्जात शेवटच्या पानावर जाण्याच्या क्षणभर आधी एकदा ‘जतन करा’ दाबावं. इथे त्याने सेशन वाढणार नव्हतं, तेव्हा उपाय एकच: शेवटच्या पानावर लवकर पोचणं आणि निदान दहा मिनिटं शिल्लक ठेवणं.

त्यासाठी लांब उत्तरं आधीच एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवली. फोटो आणि सही योग्य आकारात करून एकाच फोल्डरमध्ये ठेवले. पहिल्या प्रयत्नात फोटोनेच काही मिनिटं खाल्ली होती.

मग फोन. पहिलं सिम सेटिंग्जमधून बंद केलं. संदेश अ‍ॅपमधली `Spam & blocked` ही यादी तपासली. तिथे काही नव्हतं. फोनमधली मोकळी जागा पाहिली. एरोप्लेन मोड लावून पंधरा सेकंदांनी काढला. आईच्या फोनवरून साधा एसएमएस पाठवला, तो चार-पाच सेकंदांत आला. हा शेवटचा तपास सगळ्यांत मोलाचा. तो लगेच आला की फोनची बाजू स्वच्छ आहे हे कळतं, आणि पुढे उशीर झाला तर फोनशी खटपट करत बसावं लागत नाही.

खातं ९:२० ला उघडायचं होतं, तरी ते ९:४० पर्यंत थांबले. काही ठिकाणी बंदी असताना लॉगिनचा प्रयत्न केला की तिची मुदत नव्याने सुरू होते, म्हणून घड्याळाच्या काट्यावर जायचं टाळलं. ब्राउझरच्या आधीच्या सगळ्या टॅब बंद केल्या. एकाच खात्याच्या दोन टॅब उघड्या असल्या की काही संकेतस्थळांवर दुसरीतलं लॉगिन पहिलीतलं सेशन मारतं, आणि तेही अर्ज दाखल करताना लक्षात येतं.

९:४० ला लॉगिन. प्रत्येक पानावर आधी ‘जतन करा’, मग ‘पुढे’. ९:४७ ला शेवटचं पान, तेरा मिनिटं शिल्लक. तिथे मोबाइल नंबरचे शेवटचे तीन आकडे दाखवलेले होते, ते जुळवले. ‘ओटीपी पाठवा’ एकदाच दाबलं आणि वेळ कागदावर लिहिली.

साठ सेकंद गेले. कोड नाही. बटण उजळलं आणि बाईंचा हात माउसकडे गेला.

“मावशी, हात लावू नकोस. कोड पाच मिनिटं चालतो. अडीच मिनिटांपर्यंत आपण काही करायचं नाही.”

अडीच मिनिटं हा आकडा ठरवण्यामागे साधा हिशेब होता. मागच्या प्रयत्नात कोड शंभर सेकंदांत येत होते. रांग थोडी वाढली असेल असं धरून त्यावर पन्नास सेकंद. तोपर्यंत आला नाही तरच दुसरा मागवायचा, आणि मग पहिल्याकडे लक्ष न देता दुसऱ्याच्या संदर्भ क्रमांकाचीच वाट पाहायची. तेरा मिनिटांत अशा दोन फेऱ्या आरामात बसत होत्या.

## परिणाम

कोड ९:४८ संपता संपता आला, बटण दाबल्यापासून दोन मिनिटांच्या आत. संदर्भ क्रमांक जुळला. कोड टाकला, अर्ज दाखल झाला, पावती उतरवून घेतली. नंतर त्या संदेशाचा तपशील पाहिला: `Sent` आणि `Received` दोन्ही ९:४८. म्हणजे उशीर या वेळीही पाठवणाऱ्याच्या बाजूला होता आणि त्यावर फोनवरून करण्यासारखं काहीच नव्हतं, थांबण्याखेरीज.

पहिलं सिम बंद ठेवल्याने शेवटच्या प्रयत्नात फरक पडला का? काटेकोरपणे पाहिलं तर नाही. त्या वेळी कॉल चालू नव्हता. पण अर्ज भरताना कुणाचा तरी फोन येणं आणि तो सवयीने उचलणं, एवढ्याने पहिल्या प्रयत्नाची पुनरावृत्ती झाली असती.

## वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णय ८:१२ चा. कॉल चालू ठेवून कोड मागवला तिथे. दोन सिम असतील आणि कोड दुसऱ्या नंबरवर यायचा असेल, तर आधी कॉल संपवावा. ते माहीत नसलं तरी ८:१३ ला, पहिला कोड न आल्यावर, कॉल ठेवून दुसऱ्या सिमवरून एक रिंग दिली असती तर पाच मिनिटांच्या शिल्लक सेशनमध्ये काम झालं असतं.

दुसरा निर्णय ८:४८:०० चा, म्हणजे बटण मिळताच ते दाबण्याचा. ‘पुन्हा पाठवा’ दिसू लागलं म्हणजे पहिला कोड हरवला असा त्याचा अर्थ नसतो. तो निव्वळ एक टायमर आहे. कोडाची मुदत किती हे पानावर दिलेलं असेल तर निदान तिच्या निम्म्यापर्यंत थांबावं. मुदत दिलेली नसेल तर दोन मिनिटं धरायला हरकत नाही.

तिसरा, ८:४८:४० नंतर तोच कोड दुसऱ्यांदा टाकण्याचा. एकदा ‘अवैध’ आल्यावर आकडे संदेशाशी ताडून पाहावेत. आकडे बरोबर असतील तर तोच कोड पुन्हा टाकल्याने निकाल बदलत नाही, फक्त एक संधी जाते.

भाच्याच्या तपासात एक गोष्ट राहिली. साधा एसएमएस लगेच येतो आणि ओटीपी मात्र कधीच येत नाही, असं झालं असतं तर? तेव्हा उशिराचा प्रश्न उरत नाही. नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नुकताच नेलेला असेल तर काही पाठवणारे थोडा काळ जुन्या मार्गाने संदेश पाठवत राहतात. आयफोनवर अनोळखी पाठवणारे गाळण्याची सोय चालू असेल तर त्यांचे संदेश वेगळ्या यादीत जातात आणि त्यांची सूचना वाजत नाही. आणखी एक कारण क्वचितच ध्यानात येतं. देवनागरी मजकुराचा एसएमएस ७० अक्षरांपेक्षा लांब झाला की तो तुकड्यांत जातो, रोमन लिपीत हीच मर्यादा १६० अक्षरांची आहे. एक तुकडा मागे राहिला तर काही फोन पूर्ण संदेश दाखवतच नाहीत. खात्यात संदेशाची भाषा निवडता येत असेल तर तेवढ्यापुरती बदलून पाहावी.

फोनवरच अर्ज भरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. कोड पाहायला ब्राउझरमधून बाहेर पडू नये. मेमरी कमी असलेला फोन मागे गेलेली टॅब बंद करतो आणि परत आल्यावर पान नव्याने उघडतं. अर्जाच्या दृष्टीने ते रिफ्रेशच, आणि सेशन तिथेच तुटू शकतं. वरून सूचनेची पट्टी ओढून कोड तिथेच वाचावा.

अर्ज बनवणाऱ्यांच्या बाजूलाही निर्णय होते. ‘पुन्हा पाठवा’चा टायमर साठ सेकंदांचा आणि प्रत्यक्ष पोच शंभर सेकंदांची, ही जोडी माणसाला चुकवणारच. पाठवणाऱ्याला पोच किती वेळात होते त्याचा अहवाल मिळतो. गर्दीच्या दिवशी टायमर त्यानुसार वाढवता येतो. त्याहून सोपं म्हणजे मुदतीत असलेले शेवटचे दोन कोड चालू ठेवणं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची मार्गदर्शिका असा कोड जास्तीत जास्त दहा मिनिटं चालू ठेवायला मुभा देते, म्हणजे पाच मिनिटांपलीकडे जायला जागा आहे. कोड मागवल्यावर सेशनचं घड्याळ थांबवलं असतं तर पहिला प्रयत्नही वाया गेला नसता. आणि कोड तयार करणाऱ्या अ‍ॅपचा पर्याय ठेवला तर नेटवर्कचा प्रश्नच येत नाही: ती पद्धत २०११ सालच्या आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ठरलेली आहे, फोनमध्येच सहसा दर तीस सेकंदांनी नवा कोड तयार होतो, आणि लागतं ते एवढंच की फोनचं घड्याळ बरोबर असावं.

अर्ज दाखल झाल्यावर दुसऱ्या दिवशी बाईंनी खात्यात ईमेलही पडताळून घेतला. त्यासाठी मोबाइलवर एक ओटीपी लागलाच. तो आठ सेकंदांत आला.